चेहरा सुजला, दम लागला, तरी डॉक्टर आधी तुकडा का काढतात?

दोन-तीन आठवड्यांत माणसाचा चेहरा ओळखू येणार नाही इतका सुजतो. मानेच्या नसा फुगतात, शर्टाचं वरचं बटण लागत नाही, उताणं झोपलं की जीव गुदमरतो. सीटी स्कॅनमध्ये छातीत गाठ दिसते आणि डॉक्टर सांगतात की कॅन्सरची दाट शक्यता आहे. घरच्यांना वाटतं, आता आज संध्याकाळीच काहीतरी सुरू होणार. पण ऐकायला मिळतं ते असं: "आधी तुकडा काढून तपासू. दोन-तीन दिवस लागतील."

इथे घरच्यांचा धीर सुटतो. काही जण रुग्णाला गाडीत घालून कसारा घाट उतरतात आणि थेट मुंबई गाठतात. तिथेही पहिली मागणी तुकड्याच्या रिपोर्टचीच होते. हा वेळकाढूपणा आहे की उपचाराचाच भाग, हे समजायचं तर आधी छातीत नेमकं काय अडलंय ते पाहावं लागेल.

अडते ती नस कोणती?

डोकं, मान, दोन्ही हात आणि छातीचा वरचा भाग इथून परत येणारं सगळं रक्त शेवटी एकाच मोठ्या नसेतून हृदयात उतरतं. तिचं नाव सुपिरियर व्हेना कावा. रिपोर्टमध्ये तिला एसव्हीसी म्हणतात. मी पुढे तिला नुसती 'वरची मोठी नस' म्हणेन. ती साधारण सात सेंटीमीटर लांब आणि दोन सेंटीमीटर रुंद असते. हृदयाकडे परतणाऱ्या एकूण रक्तापैकी जवळपास एक तृतीयांश रक्त या बोटभर लांबीच्या नसेतून जातं.

तिची अडचण तिच्या भिंतीत आहे. हृदयातून बाहेर जाणाऱ्या रोहिण्या जाड भिंतीच्या असतात आणि त्यांच्यात दाब भरपूर असतो. परतीच्या नसेची भिंत पातळ आणि आतला दाब अगदी कमी. शेतात पाणी द्यायला आपण लपेटा पाईप अंथरतो, तसंच हे. पाणी वाहतं तोवर तो गोल दिसतो, पण त्यावर पाय पडला की जागच्या जागी चपटा होतो आणि मागची बाजू फुगायला लागते. पीव्हीसीच्या कडक पाईपवर उभं राहिलं तरी काही होत नाही. छातीत गाठ वाढली तर शेजारच्या महाधमनीला सहसा काही होत नाही आणि ही नस मात्र दबते, त्याचं कारण हेच.

त्यात तिची जागाही वाईट. उजव्या छातीच्या वरच्या भागात, श्वासनलिकेला लागून, लसिकाग्रंथींच्या घोळक्यात ती बसलेली असते. उजव्या फुफ्फुसाचा कॅन्सर याच ग्रंथींमध्ये आधी पसरतो, त्यामुळे हा त्रास डाव्यापेक्षा उजव्या बाजूच्या गाठीत जास्त दिसतो. लिम्फोमा हा तर ग्रंथींचाच कॅन्सर. तो छातीच्या मधोमध वाढला की नस त्याच्या विळख्यात सापडते. नसेवर कॅन्सरचा दाब येतो तेव्हा बहुतेक वेळा मूळ फुफ्फुसात असतं, आणि त्याखालोखाल लिम्फोमा. डायलिसिसची नळी किंवा पेसमेकरची तार बराच काळ नसेत राहिल्यानेही अडथळा येतो, पण तो आजचा विषय नाही. गंमत म्हणजे 1757 मध्ये विल्यम हंटर यांनी या त्रासाची पहिली नोंद केली, तेव्हा कारण कॅन्सर नव्हतंच. महाधमनीला आलेला फुगा नसेवर दाबत होता.

साध्या सुजेपेक्षा ही सूज वेगळी कशी ओळखायची?

चेहरा सुजला की आपल्याकडे आधी किडनी आठवते, मग थायरॉइड, मग कसलीतरी ॲलर्जी. तसं आठवणं चूक नाही. पण किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारात पायही सुजतात. इथे छातीच्या वर सूज आणि खाली पाय अगदी कोरडे, असा विचित्र प्रकार असतो. सकाळी उठल्यावर सूज सर्वाधिक असते आणि दिवसभर बसून-चालून ती थोडी उतरते, कारण उभ्या माणसाच्या डोक्यातलं रक्त निदान वजनाने तरी खाली ओढलं जातं. खाली वाकलं की डोकं फुटेल असं वाटतं, चेहरा लाल-निळसर होतो, डोळ्यांपुढे अंधारी येते.

छातीच्या कातडीवर निळ्या नसांचं जाळं उमटणं ही आणखी एक खूण. मुख्य रस्ता बंद झाल्यावर रक्त छातीच्या कातडीतल्या, पाठीतल्या, अन्ननलिकेभोवतीच्या बारीक नसांतून आडवाटेने हृदयाकडे जाऊ पाहतं. या आडवाटा रुंदावायला काही आठवडे लागतात. म्हणून गाठ सावकाश वाढली तर नस जवळजवळ बंद होऊनही माणूस चालत-बोलत येतो, आणि झपाट्याने वाढली तर थोड्या अडथळ्यातही बेजार होतो. मानेच्या नसांतला दाब एरवी 2 ते 8 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. इथे तो 20 ते 40 पर्यंत चढू शकतो.

दम का लागतो, याला एकच उत्तर नाही. घशाच्या आतली सूज, श्वासनलिकेवर गाठीचा थेट दाब, फुफ्फुसाभोवती साठलेलं पाणी, यांपैकी एक किंवा सगळंच असू शकतं. कोणतं, हे सीटी स्कॅन सांगतो आणि त्यावर घाई किती करायची ते ठरतं.

निफाडचे नाना: एक उदाहरण

हे नाना म्हणजे कोणी एक माणूस नाही. अशा रुग्णांच्या कहाणीत जे पुन्हा पुन्हा दिसतं, ते जोडून केलेलं हे उदाहरण आहे.

नाना अठ्ठावन्न वर्षांचे, निफाड तालुक्यात द्राक्षबाग, चाळीस वर्षांची बिडी. ऑक्टोबर छाटणीला मांडवाखाली हात वर करून काम करताना चेहरा तटतटायला लागला. हात वर धरले की हातातलं रक्त खाली छातीकडे येतं आणि आधीच अडलेल्या वाटेवर गर्दी वाढते, हे तेव्हा कोणाच्या लक्षात येणार? औषधाच्या फवारणीची ॲलर्जी समजून गोळ्या झाल्या. मग खोकला होता म्हणून एक्स-रे काढला. उजवीकडे डाग दिसला आणि थुंकीत जंतू न सापडताही एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू झाली. आपल्याकडे फुफ्फुसाच्या कॅन्सरचे बरेच रुग्ण या वळणाने जातात. टीबीच्या गाठींनीही ही नस क्वचित दबते, त्यामुळे शंका घेणं रास्त आहे. पण चेहऱ्यावर सूज असताना पुराव्याशिवाय महिनाभर वाट पाहणं रास्त नाही.

नाशिकच्या हॉस्पिटलात नाना आले ते बसूनच झोपणारे होऊन. डॉक्टरांनी विचारलं, "नाना, बूट घालायला वाकलात की काय होतं?" नाना म्हणाले, "वाकतच नाही आता. पोरगा घालून देतो." निम्मं निदान या उत्तरातच होतं.

पहिल्या तासात झालेल्या गोष्टी साध्या आहेत, पण महत्त्वाच्या. पलंगाचं डोकं उंच केलं. ऑक्सिजन लावला. सलाईन हाताऐवजी पायाला लावलं, कारण हाताच्या नसेत दिलेलं औषध तुंबलेल्या रक्तात रेंगाळतं आणि तिथे गुठळी होण्याची भीती असते. नातेवाइकांना हे पाहून चमत्कारिक वाटतं; प्रत्यक्षात हाताला सुई न टोचणारी नर्स आपलं काम नीट करत असते. पाणी उतरवायची गोळी थोडी चालते, पण तिच्यावर भिस्त ठेवायची नाही. अंगातलं पाणी फार काढलं तर रक्त घट्ट होतं आणि अडलेल्या नसेत गुठळी धरते.

मग नसा ठळक दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्टचं औषध देऊन सीटी स्कॅन झाला. उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी मोठी गाठ, वरची मोठी नस फटीएवढी उरलेली, आत गुठळी नाही, श्वासनलिका थोडी सरकलेली पण मोकळी. ही शेवटची ओळ सर्वांत दिलासा देणारी होती. नाना दमलेले होते, पण शुद्धीवर होते, बोलत होते, श्वास घेताना घशातून आवाज येत नव्हता. म्हणजे दोन दिवस हातात होते.

पण कॅन्सर दिसतोय, तर रेडिएशन लगेच का नाही?

एके काळी तसंच करत. या त्रासाला तासांत जीव घेणारी आणीबाणी मानलं जाई आणि गाठ कशाची हे न कळताच रेडिएशन, म्हणजे घरोघरी ज्याला 'शेक' किंवा 'लाईट' म्हणतात ते, सुरू होई. पुढे लक्षात आलं की बहुतेक रुग्णांत हा अडथळा दिवसा-आठवड्यांच्या गतीने वाढतो आणि नस अडल्यामुळे अचानक मृत्यू येणं विरळाच. उलट घाईची किंमत मोठी होती. रेडिएशननंतर पेशी इतक्या बदलतात की तुकडा काढूनही कॅन्सर नेमका कोणता, हे पुष्कळदा सांगता येत नाही.

आणि ते सांगता येणं इथे सर्वस्व आहे. एकाच जागी, एकसारख्या दिसणाऱ्या तीन गाठी घेऊ. पहिली स्मॉल सेल नावाचा फुफ्फुसाचा कॅन्सर: झपाट्याने वाढतो, बहुधा बिडी-सिगारेटवाल्यांना होतो, पण केमोला चटकन विरघळतो. दुसरी फुफ्फुसाचेच इतर प्रकार: केमोला तितके लवकर दाद देत नाहीत, पण त्यांतल्या काहींत जनुकीय तपासणीत विशिष्ट बदल सापडला तर रोजच्या गोळीवर उपचार होतात. तिसरी लिम्फोमा: औषधं वेगळी, आणि छातीभर पसरलेला असतानाही कित्येकदा पूर्ण बरा होणारा. सीटी स्कॅनच्या फिल्मवर या तिघांचा चेहरा एकच असू शकतो. चुकीच्या गाठीला चुकीचं औषध दिलं तर सूज तात्पुरती उतरेल, पण बरं होण्याची संधी हातची जाऊ शकते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनबद्दल मी थोडा आग्रही आहे. सूज पाहून कोणीही ते सहज देऊन टाकतं. लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने भराभर मरतात. चोवीस वर्षांच्या मुलाची गाठ त्याने दोन दिवसांत लहान होते, सगळे खूश होतात, आणि मग काढलेल्या तुकड्यात फक्त मेलेल्या पेशी सापडतात. गाठ परत वाढेपर्यंत थांबून दुसरा तुकडा घ्यावा लागतो. म्हणून छातीत मोठी गाठ असलेल्या तरुण रुग्णाला, जिवावर बेतलं नसेल तर, तुकड्याआधी स्टेरॉइड देऊ नये.

तुकडा काढताना धोका नाही का?

आहे, म्हणून सर्वांत सोपी जागा आधी शोधतात. नानांच्या गळपट्टीच्या हाडाच्या वर, मानेच्या बुंध्याशी, एक घट्ट ग्रंथी हाताला लागली. ती भाग बधिर करून सुईने तपासता येते, नानांना आडवंही व्हावं लागत नाही. अशी ग्रंथी नसती तर श्वासनलिकेत दुर्बीण घालून किंवा सीटीच्या मार्गदर्शनाने सुई घालून नमुना घेतला असता. नसांमध्ये दाब असल्याने रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो, पण भीती वाटते तितका तो होत नाही.

खरा धोका भुलीचा. पूर्ण भूल देऊन उताणं झोपवलं आणि स्नायू सैल पडले, तर आतापर्यंत स्वतःच्या ताकदीने उघडी राहिलेली श्वासनलिका गाठीच्या वजनाने दबू शकते. भूलतज्ज्ञ अशा रुग्णाला पूर्ण भूल द्यायला कचरतात, ते अडवणूक म्हणून नव्हे. लिम्फोमाचा संशय असेल तर मात्र बारीक सुईचा नमुना अपुरा पडतो. जाड सुईने तुकडा किंवा आख्खी ग्रंथीच लागते, कारण लिम्फोमाचे प्रकार पेशींच्या रचनेवरून ठरतात.

पॅथॉलॉजी डॉक्टरांना रुग्णाची स्थिती फोन करून सांगितली, तर स्मॉल सेलसारखं निदान प्राथमिक स्वरूपात एक-दोन दिवसांत मिळू शकतं. विशेष रंगकाम करून होणारा पक्का रिपोर्ट मागाहून येतो.

थांबायचंच नाही अशी वेळ कोणती?

श्वास घेताना घशातून घुर्रघुर्र किंवा शिट्टीसारखा आवाज येणं, रुग्ण गोंधळणं किंवा सारखा झापडल्यासारखा पडून राहणं, फेफरं येणं, उभं राहताच शुद्ध हरपणं, रक्तदाब पडणं. पहिली खूण घसा-श्वासनलिकेची, मधल्या दोन मेंदूला सूज आल्याच्या, शेवटच्या दोन हृदयाला रक्त पुरेसं परतत नसल्याच्या. यांपैकी काहीही दिसलं तर तुकड्याचा क्रम मागे जातो. आधी श्वासाची वाट सांभाळायची आणि मग नस उघडायची.

पण नस उघडायला रेडिएशनच लागतं असं नाही, आणि ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. नसेत स्टेंट घालता येतो. कॅथलॅबमध्ये जांघेतली नस बधिर करून तिच्यातून तार वर नेतात, अरुंद जागेतून पार करतात, गरज असेल तर फुग्याने जागा रुंद करतात आणि जाळीदार धातूची नळी सोडतात. ती आपोआप उघडून नसेला आतून आधार देते. हृदयरोगाच्या अँजिओप्लास्टीपेक्षा ही नळी बरीच मोठी, बारा-चौदा मिलिमीटर रुंदीची असते. सुमारे 95 टक्के रुग्णांना आराम पडतो. डोकेदुखी टेबलावरच हलकी होते, चेहरा साधारण एका दिवसात आणि हात दोन-तीन दिवसांत उतरतात.

माझ्या मते स्टेंटचं सर्वांत मोठं मोल वेगळंच आहे. तो कॅन्सरच्या पेशींना हातच लावत नाही. नस उघडते, गाठ होती तशी राहते आणि तुकडा नंतर शांतपणे घेता येतो. घाईही साधते आणि निदानही बिघडत नाही.

मग सगळ्यांनाच का घालत नाहीत? कारण तो निर्धोक नाही. नळी सरकून हृदयात जाऊ शकते, आत गुठळी धरू शकते. या नसेचा खालचा भाग हृदयाच्या आवरणाच्या आत असतो. तिथे नस फाटली तर रक्त आवरणात साठून हृदय दाबलं जातं. शिवाय अडून राहिलेलं रक्त एकदम परतल्याने कमजोर हृदयाच्या माणसाच्या फुफ्फुसात पाणी भरू शकतं. गंभीर गुंतागुंत थोड्यांनाच होते, पण जो कॅन्सर आठवड्यात केमोने विरघळणार आहे, त्याच्यासाठी ती जोखीम सहसा घेत नाहीत. सीटीत नसेच्या आतच गुठळी दिसली तर रक्त पातळ करणारी औषधं द्यावी लागतात, आणि स्टेंटचा विचारही त्या अंगाने बदलतो.

नानांचं पुढे काय झालं?

मानेच्या ग्रंथीत स्मॉल सेल निघाला. या प्रकारच्या दहातल्या साधारण एका रुग्णाला वरच्या नसेचा त्रास होतो, म्हणजे नाना काही अपवाद नव्हते. पायाच्या नसेतून केमो सुरू झाली: कार्बोप्लॅटिन आणि एटोपोसाइड, तीन दिवस, मग एकवीस दिवसांनी पुन्हा. पाचव्या-सहाव्या दिवशी नाना उशी कमी करून झोपले. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी शर्टाचं बटण लागलं. स्मॉल सेलमध्ये केमोने जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांचा हा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो.

फुफ्फुसाच्या इतर प्रकारांत केमो किंवा रेडिएशनने आराम पडणाऱ्यांचं प्रमाण कमी, 60 टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे तिथे स्टेंटचा विचार लवकर होतो. लिम्फोमात आराम इतका झटपट पडतो की वेगळीच काळजी घ्यावी लागते. एकाच वेळी असंख्य पेशी मरून त्यांचा कचरा रक्तात येतो, युरिक ॲसिड आणि पोटॅशियम चढतं, किडनीवर ताण येतो. म्हणून पहिल्या दिवसांत रोज रक्त तपासतात, लघवीचं माप ठेवतात.

सूज गेली म्हणजे बरे झाले?

नाही. सूज उतरणं म्हणजे नस मोकळी होणं. कॅन्सरचा हिशेब वेगळा. माणूस किती जगेल हे नस अडली होती यावर फारसं ठरत नाही, कॅन्सर कोणता आणि कुठवर पसरला यावर ठरतं. नानांच्या पेट स्कॅनमध्ये आणि मेंदूच्या एमआरआयमध्ये आजार छातीच्या एकाच बाजूला, रेडिएशनच्या आवाक्यात निघाला. म्हणून केमोच्या सोबत छातीला रेडिएशन द्यायचं ठरलं, आणि तेही बरं करण्याच्या उद्देशाने. आजार यकृतात-हाडांत गेला असता तर उद्देश त्रास कमी करण्याचा राहिला असता. सुजलेला चेहरा पाहून "आता काही उरलं नाही" असं घरी ठरवून टाकतात, ते म्हणूनच चुकीचं. लिम्फोमाच्या तरुण रुग्णाबाबत तर फारच चुकीचं.

खर्चाचं सांगायचं तर केमो आणि रेडिएशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं. आपल्या रुग्णाचं नेमकं काय बसेल, स्टेंटचं काय, हे दाखल होतानाच त्या हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला विचारावं. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत न्यावं. रुग्ण दाखल असताना कागदासाठी निफाड-नाशिक फेऱ्या मारायला लागू नयेत.

घरी गेल्यावर सूज परत आली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. कारणं बहुधा तीन असतात: गाठ पुन्हा वाढली, स्टेंटमध्ये किंवा नसेत गुठळी झाली, किंवा केमोसाठी बसवलेल्या नळीभोवती रक्त गोठलं. तिघांचे उपचार वेगवेगळे, आणि पुन्हा एक सीटी स्कॅन झाल्याशिवाय ती वेगळी कळत नाहीत. तोवर रात्री पाठीमागे उशा लावून बसतं झोपावं, आणि गावातल्या डॉक्टरांकडे सलाईन लावायची वेळ आली तर हाताला नको, पायाला लावा असं आवर्जून सांगावं.